माल राइट-ऑफ करण्याआधी जीएसटीचा हिशेब मांडा

जुन्या मॉडेलचा मिक्सर दुकानात पडून आहे. खरेदी 2,000 रुपये, त्यावर भरलेला जीएसटी 360, आणि त्याचं क्रेडिट तुम्ही कधीच घेतलंय. सवलत लावूनही तो खपत नसेल, तरी लगेच स्टॉकमधून उडवू नका. राइट-ऑफ केलात किंवा कुणाला भेट दिलात, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) नुसार ते 360 परत करावे लागतात. तोच मिक्सर लॉटमध्ये घेणाऱ्याला 300 अधिक जीएसटी लावून विकलात, तर 300 हातात येतात आणि क्रेडिटही टिकतं. नगामागे 660 चा फरक! बिल मात्र पक्कं हवं. भंगारवाल्याला बिनबिलाचा दिलात, तर ऑडिटमध्ये तो माल गहाळ धरला जाऊ शकतो.