नवा पंखा मागवण्याआधी जुन्याचे तीन फोटो

मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पंख्याचा फोटो पाठवला. "असाच नवा मिळेल का रे?" फोटो पलंगावरून काढलेला, त्यात तीन पाती आणि मधला गोल डबा. एवढ्यावरून ना कंपनी कळत, ना माप. मग तिच्याकडे वायरमन आला तेव्हा त्याला आणखी दोन फोटो काढायला सांगितले.

चढण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडायचा. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, मग पंखा थांबला तरी वायरीत करंट राहतो. म्हणून वर गेल्यावर टेस्टर लावूनच हात घालायचा.

दुसरा फोटो मोटरवरच्या पट्टीचा. ती बहुधा वरच्या बाजूला धुळीखाली असते, पुसली की कंपनी, मॉडेल, वॅट आणि मिलिमीटरमधलं माप वाचता येतं. मावशीकडची पुसट झाली होती. तेव्हा मोटरच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत टेप धरला. 60 सेंटिमीटर भरले, त्याची दुप्पट 1200 मिलिमीटर, म्हणजे दुकानातला 48 इंची पंखा.

तिसरा फोटो सगळ्यात मोलाचा. वरच्या वाटीचा स्क्रू सैल करून ती दांड्यावरून खाली सरकवायची, म्हणजे स्लॅबचा हुक, त्यातलं रबर, बोल्ट आणि पिन दिसते. हुक गंजून बारीक झालाय का, हलतो का, हे इथेच कळतं. तसा असेल तर नव्या पंख्याचा विचार नंतर, आधी हुक. हुक खोबणीत असेल तर नवी वाटी ती झाकेल का, हेही मोजून ठेवा. जुना दांडा किंवा पाती नव्या मोटरला लावू नका, कंपनीगणिक भोकांचं अंतर बदलतं. उंचीही बघा. मावशीचा स्लॅब 10 फुटांवर, पाती त्याखाली 14 इंच, म्हणजे जमिनीपासून 8 फूट 10 इंच. ठीक. पाती 7 फुटांच्या खाली आली तर छोट्या दांड्याचा पंखा शोधावा.

फसगत होते ती रेग्युलेटरपाशी. साधा पंखा त्यावर चालतो. रिमोटचा बीएलडीसी पंखा मात्र वेग स्वतःच सांभाळतो. त्याला रेग्युलेटरमधून कमी व्होल्टेज गेलं तर तो अडखळतो, आतलं सर्किटही बिघडू शकतं. आणि हुकापाशी दोनच वायरी असतील, हिरवी नसेल, तर वायरमनला अर्थिंगची वायर ओढायला सांगा.

मावशीने बीएलडीसीच घेतला. वायरमनने रेग्युलेटर काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि त्या खाचेत कोरी प्लेट बसवली.