यूव्ही प्युरिफायर: निळा उजेड दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, आणि बाकीच्या चुका

प्युरिफायरच्या सर्व्हिसला पुण्यात कुठल्याही घरी जा, तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "दिवा पेटतोय, मग बदलायचा कशाला?" "कँडल धुतली की होते नवीन." आणि "पाणी हळू येतंय हो, जरा फ्लो वाढवून द्या." पहिल्या दोन वाक्यांत पैसे वाचतात असं वाटतं, तिसऱ्यात वेळ. तिन्हींमुळे प्युरिफायर भिंतीवरची शोभेची वस्तू होतो. खाली लिहिलंय ते साध्या यूव्ही मशीनबद्दल: बाहेर भिंतीवर गाळाची कँडल, आत कार्बन, आणि मग स्टीलच्या नळकांड्यात यूव्ही ट्यूब. आरओचं प्रकरण वेगळं आहे.

पहिली चूक: निळा उजेड म्हणजे यूव्ही

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

जंतूंना मारणारे किरण साधारण २५४ नॅनोमीटरचे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याला जो निळसर उजेड दिसतो, तो त्याच ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेतून सोबत बाहेर पडणारा साधा उजेड. ट्यूब जुनी होते तशी तिची काच २५४ चे किरण अडवायला लागते, पण निळा उजेड पूर्वीसारखाच आरपार येत राहतो. म्हणजे मरायला टेकलेली ट्यूबही छान निळी दिसते. मशीनवरचा हिरवा इंडिकेटर बघून खूश होऊ नका. बहुतेक स्वस्त मशीनमध्ये तो फक्त ट्यूबला वीज जातेय एवढंच सांगतो. किरण मोजणारा सेन्सर महागड्या मशीनमध्येच असतो.

ट्यूबचं आयुष्य साधारण आठ ते नऊ हजार तास धरतात. वर्षाचे तास होतात ८७६०, त्यामुळे ट्यूब चोवीस तास चालू राहणाऱ्या मशीनला वर्षातून एक ट्यूब, हा हिशेब सोपा आहे. नळ उघडल्यावरच ट्यूब लागते अशा मशीनमध्ये तास कमी भरतात, पण दर वेळी पेटताना टोकाच्या तारा झिजतात. ट्यूबची टोकं काळी पडलेली दिसली की तास मोजत बसू नका. अशा मशीनलाही मी वर्षानंतर नवी ट्यूब घालतो. कंपनीच्या पुस्तकात याहून कमी मुदत असेल तर तीच पाळा. बदललेली तारीख मशीनच्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहायची. मोबाइलमधली रिमाइंडर लोक पुढे ढकलतात, पट्टी रोज समोर दिसते.

ट्यूब बदलली, पण तिच्याभोवतीची क्वार्ट्झची नळी पुसली नाही, तर अर्धंच काम झालं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार आणि लोह त्या नळीवर बसतं. क्षार पांढरट दिसतो, लोह तपकिरी. त्या थराच्या मागे नवीकोरी ट्यूब असली तरी किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. मशीनचा प्लग काढायचा, पाणी बंद करायचं, नळी बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि मऊ फडक्याने पुसायची. घासणी लावायची नाही, ओरखडे पडतात. ट्यूबची काच बोटांनी धरू नका, कागदात धरा, बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो. आणि चालू ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. तेव्हा काही जाणवत नाही, पण काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

दुसरी चूक: "फ्लो वाढवून द्या"

वाघोलीच्या एका सोसायटीतलं घर. पाणी टँकरचं. काकांची तक्रार होती की पाण्याला मातकट वास येतो, आणि घरात पोटाच्या कुरबुरी चालू आहेत. मशीनचा नळ उघडला तर पाणी धो धो. काका कौतुकाने म्हणाले, "बघा, आधी थेंब थेंब यायचं. आमच्या प्लंबरने पाच मिनिटांत ठीक करून दिलं."

कँडलचा बाहेरचा बाऊल उघडला. आत कँडलच नव्हती. "ती सारखी चोंदायची ना," काका म्हणाले. मशीन उघडलं, तर यूव्हीच्या आधी बसवलेला फ्लो रिस्ट्रिक्टरही गायब. हा नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, मध्ये बारीक भोक. प्लंबरला वाटलं, हाच पाणी अडवतोय. अडवतोच, त्यासाठीच तो बसवलेला असतो. क्वार्ट्झच्या नळीवर तपकिरी थर इतका की ट्यूबचा उजेड पिवळट दिसत होता. ट्यूब मशीनसोबत आली तीच, तीन वर्षांची.

आता हिशेब बघा. त्या मशीनमधून मिनिटाला दोन लिटर पाणी जायला हवं, म्हणजे लिटरची बाटली भरायला तीस सेकंद. ती तिथे पंधरा सेकंदांत भरत होती. पाणी ट्यूबसमोर अर्धाच वेळ राहिलं, म्हणजे किरणांची मात्रा अर्धी. ट्यूब जुनी, म्हणून त्यातली बरीच कमी. नळीवर थर, म्हणून आणखी कमी. कँडल नाही, म्हणून पाणी गढूळ, आणि गाळाच्या कणाच्या सावलीत बसलेल्या जंतूला किरण लागतच नाहीत. चारही गोष्टी एकाच वेळी, आणि हिरवा दिवा मात्र झकास चालू.

पोट नेमकं त्याच पाण्याने बिघडलं, असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ते मशीन पाणी शुद्ध करत नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. कँडल, रिस्ट्रिक्टर आणि ट्यूब नवीन घातली, नळी साफ केली, वासासाठी कार्बनही बदलला. पाणी पुन्हा हळू यायला लागलं तेव्हा काका म्हणाले, "हे काय, परत तेच?" म्हटलं, काका, तीस सेकंद थांबा. पाण्यासाठी तीस सेकंद थांबायची तयारी नसलेल्या माणसाने यूव्ही मशीन घेऊ नये, पाणी उकळून प्यावं. त्यात मात्र वीस मिनिटं जातात.

पाणी हळू येतंय, तर आधी काय बघायचं

नवी कँडल घातली त्या दिवशी लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजून पट्टीवर लिहून ठेवा. पुढे वेळ दीडपट झाला की बघायला लागा, दुप्पट होईपर्यंत थांबू नका.

बघायची पद्धत सोपी. इनलेटचा कॉक बंद करा, कँडल काढा, बाऊल रिकामाच लावा आणि पुन्हा बाटली भरा. हे पाणी प्यायचं नाही, फक्त मोजायचं. वेळ पूर्वीसारखा झाला, तर दोष कँडलचा. फरक पडला नाही, तर कँडल उगाच बदलू नका. मग एक तर आतला कार्बन चोंदलाय, नाही तर मशीनच्या आधी काही तरी आहे: इनलेटच्या जाळीत अडकलेला गाळ, अर्धवट उघडलेला कॉक, नाही तर टाकीचं कमी प्रेशर. गच्चीच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर प्रेशर मुळातच कमी असतं. टाकी दहा फूट वर असेल तर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.३ किलो मिळतं. तिथे नवी कँडलही पाणी हळूच देणार, तिथे छोटा बूस्टर पंप लागतो.

उलटही लक्षात ठेवा. काही न बदलता पाणी अचानक जोरात यायला लागलं, तर आनंद मानू नका. कँडल फाटली असेल किंवा खालच्या रबरावर नीट बसली नसेल, आणि पाणी बाजूने निसटत असेल. बाहेर गढूळ पाणी आणि कँडल सहा महिन्यांनीही पांढरीशुभ्र, हेही त्याचंच लक्षण.

कँडल धुणं

नका धुऊ. स्पन कँडल बाहेरून सैल आणि आत घट्ट विणलेली असते, गाळ तिच्या जाडीत अडकतो. ब्रशने घासलं की वरचा थर फाटतो आणि गाळ आणखी आत जातो. दिसते स्वच्छ, चालते आठवडाभर. आठवड्याभरात तपकिरी झाली म्हणून घाबरूही नका, ती काम करतेय. पुण्यात महापालिकेच्या पाण्यावर साधारण तीन-चार महिने पुरते, पण खडकवासल्याला नवं पाणी येतं त्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि टँकरवर बाराही महिने, लवकर जाते. निर्णय बाटलीच्या सेकंदांवर घ्यायचा, रंगावर नाही.

बाऊल पान्याने मरेपर्यंत आवळू नका, तडा जातो. हाताने घट्ट झाला की बास. ओ-रिंगला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा.

चव बदलली की दोष ट्यूबला देणं

यूव्हीने पाण्याची चव बदलत नाही, चांगलीही होत नाही आणि वाईटही. म्हणूनच खराब ट्यूब चवीवरून ओळखता येत नाही, आणि हीच तिची खरी अडचण. क्लोरीनचा वास परत यायला लागला तर कार्बन संपलाय. गावाहून आठवडाभराने परतल्यावर पाण्याला कुबट वास आला, तर साचलेल्या कार्बनमध्ये जंतूंचा थर धरलाय. दहा मिनिटं पाणी वाहू द्या, वास राहिला तर कार्बन बदला. सकाळचं पहिलं पाणी कोमट लागतं, कारण चालू ट्यूबने रात्रभर साचलेलं पाणी तापवलेलं असतं. पहिला पेला कुंडीत ओता. खारट किंवा मचूळ चव असेल तर ती विरघळलेल्या क्षारांची. त्यावर यूव्ही काही करू शकत नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा. तो मोजणारा मीटर घेऊन फिरणाऱ्या सेल्समनला तर दारातूनच परत पाठवा. यूव्ही टीडीएस कमी करतच नाही, त्यामुळे तो आकडा ट्यूबबद्दल एक अक्षरही सांगत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हाही लोक मला टीडीएसच विचारत होते. प्रश्न जंतूंचा होता.

वीज गेल्यावर पाणी घेणं

चांगल्या मशीनमध्ये वीज गेली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाणी बंद करतो. घरी तपासून बघा: प्लग काढा, नळ उघडा. काही सेकंदांनीही धार चालूच राहिली, तर तुमचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा मुळात नाहीच, आणि वीज गेल्यावर तुम्ही कच्चं पाणी पिताय. वीज वाचवायला मशीन पेल्यागणिक चालू-बंद करणाऱ्यांना इतकंच सांगतो: ट्यूब जेमतेम ११ वॅटची असते आणि तिला पूर्ण जोर धरायला मिनिटभर लागतं.

जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिच्यात पारा असतो. नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचला.