सरासरीचे आकडे आणि न पाहिलेला डेटा

दोन मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या क्रॉसओव्हरवर माझी एक ट्रेडिंग स्ट्रॅटेजी होती: मागच्या काही दिवसांच्या किमतींची छोटी सरासरी लांब सरासरीला छेदून गेली की सौदा. शेवटचं वर्ष बाजूला ठेवून त्याआधीच्या दहा वर्षांच्या डेटावर सगळ्या जोड्या तपासल्या, तर १७ आणि ४३ दिवसांची जोडी नफ्यात सर्वांत वर आली. नफ्याचा आलेख इतका देखणा की शंकाच यावी. म्हणून वॉक-फॉरवर्ड केलं: ३ वर्षांवर जोडी निवडायची, पुढच्या ६ महिन्यांवर तीच न बदलता चालवायची, मग दोन्ही खिडक्या ६ महिने पुढे सरकवायच्या. असे १४ तुकडे झाले.

नफा घसरला, पण विचित्र पद्धतीने. प्रत्येक तुकड्यात पहिले दोनेक महिने एकही सौदा नाही! चूक माझीच. प्रत्येक चाचणीचा डेटा मी कापून वेगळा दिला होता, त्यामुळे लांब सरासरी दर वेळी शून्यातून भरत होती. ती ४३ दिवसांची असली, तर सव्वाशे दिवसांतले एक तृतीयांश वाया. आता आधीचे ६० दिवस सोबत देतो, सौदे मात्र चाचणीच्या तारखेपासूनच मोजतो. ते दिवस त्या तारखेला हाती असतातच, म्हणून ही फसवणूक नव्हे.

तरीही नफा पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमीच राहिला. निवडलेल्या जोड्या पाहिल्यावर कारण कळलं: एका तुकड्यात १७/४३, पुढच्यात ८/६०, म्हणजे निवड उड्या मारत होती. मग एकटं शिखर सोडून आजूबाजूच्या जोड्यांची सरासरी जिथे चांगली, ती जागा निवडू लागलो. उड्या थांबल्या. हा नियम मात्र मी तेच १४ तुकडे पाहून ठरवला, त्यामुळे बाजूला ठेवलेलं शेवटचं वर्ष अजून उघडलेलं नाही; खरी परीक्षा त्यावरच.