घाटकोपरहून बीकेसी: मरोळ नाक्याला मेट्रो बदलण्याआधीची तयारी

आई-बाबांची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत होती, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये, सकाळी साडेनऊला. आम्ही ठाण्याचे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ पकडून बीकेसी. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्यामुळे दादरला फलाट बदलावा तितकंच हे असेल असं मी धरून चालले होते. तसं ते नाही. आम्ही बीकेसीला पोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती, आणि उशीर सगळा मरोळ नाक्याला झाला होता. आता मावशी-काका त्याच कामासाठी जाणार आहेत. त्यांच्यासाठी लिहिता लिहिता हे लांबलं, म्हणून सगळ्यांसाठीच ठेवते.

पहिली गोष्ट रोख पैसे. प्रत्येकाच्या खिशात, स्वतःच्या खिशात, दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून दोनेकशे रुपये. मी हेच विसरले होते, म्हणून हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

झालं असं. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल आणि मोठ्या बॅगा नेता येत नाहीत, म्हणून मीच घरी फर्मान काढलं होतं की कमीत कमी सामान घ्यायचं. आईने पर्स घरी ठेवली, बाबांनी पाकीट घरी ठेवलं, फोनही घरीच. त्यांच्या हातात फक्त कागदांची फाइल. मी बाहेर थांबणार होते, म्हणून माझ्याकडे फोन, आणि फोनमध्ये यूपीआय. मेट्रो १ ची तिन्ही तिकिटं आदल्या रात्री ठरवून ठेवल्याप्रमाणे निघताना फोनवर काढली आणि तिकिटांचं काम संपलं असं समजले. मरोळ नाक्याला उतरलो, गेटबाहेर आलो, चालत चालत जमिनीखाली मेट्रो ३ च्या तिकीट खिडकीशी पोचलो आणि तेव्हा कळलं की तिकीट पुन्हा काढायचंय. फोन काढला तर रेंज नाही. पैसे पाठवायचं चक्र फिरतंय, फिरतंय, थांबतंय. तिघांत मिळून एक रुपया रोख नाही. आई-बाबांना खाली कट्ट्यापाशी उभं करून मी पुन्हा रस्त्यापर्यंत वर गेले, रेंज आली, तिकिटं काढली, परत खाली. यात वीस मिनिटं गेली. पन्नासच्या तीन नोटांनी ती वाचली असती.

हे असं का आहे ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. मेट्रो १, म्हणजे वर्सोवा ते घाटकोपर, खासगी भागीदारीतून उभी राहिली आणि २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. ती चालवणारी कंपनी वेगळी. मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड, केंद्र आणि राज्य सरकारच्या संयुक्त कंपनीची. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी असा उघडला आणि वर्षभराने ती कफ परेडपर्यंत गेली. एक डोक्यावरून जाते, दुसरी पायाखालून. मालक दोन, हिशेब दोन, गेटं दोन. एकीचं तिकीट दुसरीच्या गेटला दाखवलंत तर ते उघडणार नाही, आणि त्यात गेटची चूक नाही. भाडंही दोनदा शून्यापासून मोजलं जातं. दोन्हीकडे सुरुवात दहा रुपयांपासून आहे, म्हणजे बीकेसीपर्यंतच्या सलग अंतराचं एक भाडं नाही, दोन तुकड्यांची दोन भाडी. नकाशा एक रंगवलेला असला तरी तुम्ही एका घरातून बाहेर पडून दुसऱ्या घराचं दार वाजवताय असं समजा.

तर तिकिटं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ नावाचं अ‍ॅप आलं, त्यात दोन्ही मेट्रोंची तिकिटं एकाच ठिकाणी काढता येतात. ते आदल्या दिवशी फोनवर घ्या, नोंदणी करून ठेवा, ओटीपीच्या भानगडी घरीच उरका. तिकिटं मात्र प्रवासाच्या दिवशी काढा आणि त्यांच्यावर लिहिलेली मुदत वाचा. दोन्ही टप्प्यांची तिकिटं घाटकोपरला वर असतानाच, रेंज असतानाच काढून ठेवा, आणि जमिनीखाली उतरण्याआधी अ‍ॅप उघडून मेट्रो ३ चा क्यूआर पडद्यावर प्रत्यक्ष दिसतोय का ते बघा. ‘काढलंय, असेल आत’ हे चालत नाही. आणि एवढं सगळं केलंत तरी रोख पैसे घ्या. फोन पडतो, बॅटरी संपते, पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही. खिडकीवर नोट सरकवली की कागदी तिकीट हातात येतं, विषय संपला.

तिघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर माणशी वेगळा क्यूआर असतो. फोन धरणाऱ्याने शेवटी जायचं. आधी आई, मग बाबा, मग आपण. मी घाटकोपरला पहिली आत गेले आणि मग गेटच्या पलीकडून हात लांब करून फोन दाखवत बसले, मागे ऑफिसला जाणाऱ्यांची रांग, काय काय ऐकलं ते सांगत नाही. खरं म्हणजे ज्येष्ठांना कागदी तिकीटच द्या. त्यांना हातात काहीतरी असलेलं बरं वाटतं आणि चुकामूक झाली तरी ते बाहेर पडू शकतात. फक्त दोन चिठ्ठ्या दोन खिशांत. बाबांनी दोन्ही शर्टाच्या एकाच खिशात ठेवल्या असत्या तर बीकेसीच्या गेटला त्यांनी नक्की मेट्रो १ चीच लावली असती, मी ओळखते त्यांना. बाहेर पडेपर्यंत चिठ्ठी फेकायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगा.

कार्ड वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. एका मेट्रोने स्वतःचं म्हणून दिलेलं कार्ड दुसरीकडे चालेल असं धरू नका. आणि एनसीएमसी, म्हणजे वेगवेगळ्या मेट्रो-बसला चालणारं सामाईक कार्ड असेल तर त्यातले पैसे कार्डाच्या चिपवर असतात. घरबसल्या अ‍ॅपवरून भरलेले पैसे स्टेशनातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड टेकवून चिपवर उतरवून घ्यावे लागतात, तोवर गेटला ते दिसत नाहीत. बँकेचा मेसेज दाखवून भांडणारे असतात, त्याचा उपयोग नाही. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, नवरा-बायकोने दोन कार्डं घ्यावीत. आणि कार्ड असलं तरी, हो, रोख पैसे.

आता चालणं. घाटकोपरहून जागृती नगर, असल्फा, साकीनाका आणि मग मरोळ नाका. पुढचं स्टेशन ‘एअरपोर्ट रोड’ आहे. विमानतळाला जाणारे नावाला भुलून तिथे उतरतात. तिथे उतरू नका, मेट्रो ३ मरोळ नाक्यालाच मिळते आणि विमानतळाचं टी-२ स्टेशन तिच्यावर आहे. मरोळ नाक्याला फलाटावरून एक मजला खाली, गेटमधून बाहेर, मग मेट्रो ३ चे फलक धरून चालायचं, मग जमिनीखाली उतरायचं, तिथे बॅगांची तपासणी पुन्हा, अंगाची तपासणी पुन्हा, तिकीट, गेट, आणि मग अजून खाली फलाट. उंचावरच्या फलाटापासून भुयारातल्या फलाटापर्यंत हे सगळं उतरणं आहे आणि परतीला हे सगळं चढणं आहे. सरळ नेणारी एकच लिफ्ट नाही, असू शकत नाही, मधे दोन कंपन्यांची दोन गेटं आहेत. लिफ्ट टप्प्याटप्प्याने बदलावी लागते. आईचे गुडघे दुखतात, सरकत्या जिन्यावर ती पहिली पायरी टाकायला घाबरते, म्हणून आम्ही प्रत्येक लिफ्टसाठी थांबलो. तरुण माणूस झपझप सात-आठ मिनिटांत करेल. ज्येष्ठ असतील तर पंधरा धरा, सकाळच्या गर्दीत वीस. आणि हा वेळ गाडीच्या वेळेत मोजू नका, तो वेगळा लिहा. अ‍ॅप जे एकूण मिनिटं दाखवतं त्यात तुमच्या आईचे गुडघे धरलेले नसतात.

चप्पल पट्ट्याची. पाण्याची बाटली एक. फाइल कापडी पिशवीत, कारण ती दोनदा तपासणीच्या पट्ट्यावर टाकायचीय आणि दुसऱ्या वेळी माणूस घाईत ती तिथेच विसरतो. डीएस-१६० या व्हिसा अर्जाचं पान, पासपोर्ट, अपॉइंटमेंटचा कागद हे पट्ट्यावरून उचलल्यावर मोजा.

मेट्रो ३ च्या फलाटावर दिशा बघा. बीकेसीला जायचं तर कफ परेडकडची गाडी, आरेकडची नाही. मधली स्टेशनं टी-२, सहार रोड, टी-१, सांताक्रुझ, वांद्रे कॉलनी आणि मग बीकेसी. डबे आठ असतात, धावू नका.

कॉन्सुलेटच्या दारात आई-बाबा आत गेले की तुमच्यात आणि त्यांच्यात फोन नाही. भेटायची जागा आधी ठरवा, ‘बाहेर’ ही जागा नव्हे. आणि प्रत्येकाच्या खिशातले ते दोनशे रुपये इथेही लागतात, कारण चुकामूक झालीच तर ते दोघं आपापले रिक्षाने किंवा मेट्रोने निघू शकतात. आमची झाली नाही. नशीब.

परतीला तेच उलट. बीकेसीला पुन्हा जमिनीखाली तिकीट, म्हणून वर रस्त्यावरच काढा किंवा रोख द्या. मरोळ नाक्याला चढण, बाहेर पडणं, दुसरं तिकीट, घाटकोपर बाजूचा फलाट. संध्याकाळी सहानंतर घाटकोपरला उतरणं म्हणजे ढकलाढकली, शक्य असेल तर त्याआधी निघा. रात्री उशीर होणार असेल तर दोन्ही मार्गांची शेवटची गाडी वेगवेगळी बघा, एक मिळून दुसरी सुटली तर अर्ध्यात अडकाल.

मावशीला मी आत्ताच फोन करून विचारलं, पैसे घेतलेस का. म्हणाली, ‘अगं, आहे ना जीपे.’