एक मैदान, सात संघ, सात रविवार: साखळी सामन्यांचं वेळापत्रक

भाताची कापणी-मळणी उरकली की बेळगावच्या आसपासच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. अडचण एकच: मैदान एक, आणि पोरं दिवसभर मोकळी फक्त रविवारी. समजा येळ्ळूर, उचगाव, कडोली, किणये, सांबरा, बेळगुंदी आणि कंग्राळीचे सात संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हणजे २१ सामने, रोज तीन धरले तर सात रविवार. दहा-दहा षटकांच्या सामन्याला, टॉस आणि वादावादी धरून, दोन तास ठेवा. वेळा सकाळी ८, १० आणि दुपारी ३.३०.

संघांना १ ते ७ क्रमांक द्या. पहिल्या रविवारी १ ला सुट्टी. त्याच्या दोन्ही बाजूंचे जवळचे क्रमांक, म्हणजे २ आणि ७ (७ नंतर पुन्हा १ येतो, गोल समजा), आठ वाजता खेळतील. त्यांच्या पलीकडचे ३ आणि ६ दहाला, उरलेले ४ आणि ५ साडेतीनला. पुढच्या रविवारी सगळे आकडे एकाने वाढवा:

```
१) २-७  ३-६  ४-५  सुट्टी १
२) ३-१  ४-७  ५-६  सुट्टी २
३) ४-२  ५-१  ६-७  सुट्टी ३
४) ५-३  ६-२  ७-१  सुट्टी ४
५) ६-४  ७-३  १-२  सुट्टी ५
६) ७-५  १-४  २-३  सुट्टी ६
७) १-६  २-५  ३-४  सुट्टी ७
```

आता एखादा स्तंभ उभा वाचा. प्रत्येक क्रमांक त्यात बरोबर दोनदा येतो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी दवाने बॉल जड होतो ते आठचं ओझं सगळ्यांवर सारखंच. "आम्हालाच नेहमी सकाळी का?" हे भांडण तिथंच संपतं. म्हणून वेळा मनाने बदलू नका. एखादा क्रमांक स्तंभात तिसऱ्यांदा दिसला, तर आकडा वाढवताना चूक झाली.

चिठ्ठ्या टाकण्याआधी एक विचारा: कोणाच्या गावची यात्रा कोणत्या रविवारी? समजा कडोलीवाल्यांना चौथा रविवार नको, तर त्यांना ४ क्रमांक द्या, सुट्टी आपोआप त्याच दिवशी पडते. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढा. दोन गावांना एकच रविवार नको असेल, तर एकालाच ही सोय मिळेल. मग तो रविवारच सोडून सगळं एक आठवडा पुढे ढकललेलं बरं.

सुट्टीच्या संघाने त्या दिवशी अंपायर आणि स्कोअरर द्यायचे, असा नियम ठेवला की पंचांचा शोध थांबतो. यात्रेच्या गावाला मात्र यातून सूट, त्या दिवशी आठचे खेळाडू दहाला उभे राहतात, दहाचे साडेतीनला. आठचा सामना साडेतीनवाल्यांना द्या. कुरकुर करतील, पण येतील.

मैदानावर लग्नाचा मांडव पडला किंवा अवकाळी पाऊस आला, तर राहिलेला सामना पुढच्या रविवारी चौथा म्हणून घुसडू नका. सुट्टीवाला सोडून बाकी सहाही संघांचा त्या दिवशी सामना असतो, त्यामुळे कोणाला तरी दोनदा खेळावं लागतं. तो शनिवारी साडेतीनला घ्या. शनिवार सुरुवातीपासून मोकळा ठेवायचा तो यासाठीच.