एम्बेडेडमध्ये नोकरी हवी? मग निदान या चुका टाळा

पुण्यात एम्बेडेडच्या मुलाखती घेताना मी हल्ली बायोडेटा बाजूला ठेवतो आणि विचारतो, "तुमचा बोर्ड शेवटचा कधी बंद पडला? मग काय केलंत?" बहुतेक फ्रेशर गप्प होतात. प्रोजेक्ट दहा असतात, सगळे आर्डुइनोवर, सगळे तयार लायब्ररी टाकून केलेले. आर्डुइनो वाईट नाही, मीही वापरतो. पण ती पहिली पायरी आहे, आणि लोक तिच्यावरच घर बांधतात.

चूक पहिली: चालतंय ना, मग झालं!

आमच्याकडे एक नवा मुलगा होता. तापमानाचा I2C सेन्सर, STM32 आणि त्याने स्वतः काढलेला पीसीबी. टेबलावर ठीक चालायचा, पॅनेलमध्ये मीटरभर वायर लावली की मधेच रीडिंग गायब. त्याने तीन सेन्सर बदलले. मग कोडमध्ये पाच वेळा रीट्राय आणि वर डिले टाकला. दोन दिवसांनी माझ्याकडे आला, "सर, सेन्सरची बॅचच खराब आहे."

"स्कोप लावलास?"

"नाही सर, कोड बरोबर आहे. ब्रेडबोर्डवर चालत होता."

स्कोप लावला. सिग्नल खाली येताना सरळ, वर जाताना घसरगुंडीसारखा तिरका. I2C मध्ये चिप लाइन फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं असतं. ब्रेडबोर्डवरच्या मॉड्यूलवर 4.7 किलोओहमचे रेझिस्टर आधीच चिकटवलेले होते. स्वतःच्या पीसीबीवर त्याने ते टाकलेच नाहीत, कंट्रोलरच्या आतला पुल-अप चालू केला. तो साधारण 40 किलोओहमचा.

आता हिशोब बघा. वायर आणि पिना मिळून 100 पिकोफॅरड धरू. सिग्नल वर जायला लागणारा वेळ 0.85 × R × C, म्हणजे 3.4 मायक्रोसेकंद. 100 किलोहर्ट्झला स्टँडर्डची मर्यादा 1 मायक्रोसेकंदाची आहे. पण अर्धा क्लॉक 5 मायक्रोसेकंदांचा असल्याने कधी निभतं, कधी नाही. म्हणून तर संशय सेन्सरवर गेला. 4.7 किलोओहमचे दोन रेझिस्टर सोल्डर केले, वेळ 0.4 मायक्रोसेकंदावर आला आणि रीट्रायचा कोड काढून टाकला. 400 किलोहर्ट्झला मात्र हेही पुरत नाही, तिथे मर्यादा 0.3 आहे; मी सरळ 2.2 किलोओहमचे लावतो.

माझी सवय एवढीच: कोडला हात लावण्याआधी प्रोब लावायचा. रीट्राय टाकून दोष झाकणारा माणूस मला टीममध्ये नको असतो.

चूक दुसरी: मधली पायरी गाळणे

आर्डुइनोवरून थेट आरटीओएस आणि 'आयओटी'वर उडी. मधे एकदा तरी लायब्ररीशिवाय एलईडी लावा. STM32F103 च्या ब्लू पिल बोर्डवर, रेफरन्स मॅन्युअल शेजारी उघडं ठेवून:

```c
RCC->APB2ENR |= RCC_APB2ENR_IOPCEN;
GPIOC->CRH = (GPIOC->CRH & ~(0xFu << 20)) | (0x2u << 20);
GPIOC->BSRR = 1u << 29;
```

पहिली ओळ पोर्टचा क्लॉक चालू करते. ती विसरलात तर एरर येत नाही, एलईडी नुसता लागत नाही. ही शांत चूक स्वतः शोधलीत की पुढे यूआर्ट, टायमर, इंटरप्ट हे सगळं मॅन्युअलमधून वाचता येतं. आरटीओएस त्यानंतर. याला काही महिने लागतात, आणि पंधरा दिवसांत एम्बेडेड शिकवतो म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

चूक तिसरी: टेस्टिंगची नोकरी नाकारणे

"मला फर्मवेअरच हवंय, व्हॅलिडेशन नको." अहो, चाकण-हिंजवडी पट्ट्यात गाड्यांच्या ईसीयूवर काम करायचं तर आत शिरायचा सोपा दरवाजा तोच! रोज हातात स्कोप, समोर गाडीतल्या कॅन बसचे लॉग, आणि दुसऱ्यांच्या चुका फुकट बघायला मिळतात. फर्मवेअरकडे वळलेले माझे चांगले सहकारी इथूनच आले. ईव्ही चार्जर, सोलर इन्व्हर्टर, वीजमीटर बनवणाऱ्यांकडेही अशी कामं असतात. तिथे पगार सुरुवातीला बेताचा असला तरी स्किमॅटिकपासून सगळं हाताळायला मिळतं.

व्हीएलएसआय आणि एम्बेडेड एकच समजून दोन्हीकडे एकच बायोडेटा पाठवू नका. तिकडे व्हेरिलॉग लागतं, इकडे सी.

आणि मल्टिमीटर स्वतःचा घ्या. गाडीचा कॅन बस बिघडला की मी पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात रेझिस्टन्स मोजतो. दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर समांतर असल्याने 60 दिसायला हवेत. 120 दिसले तर काय झालं असेल, हा माझा मुलाखतीतला दुसरा प्रश्न असतो. उत्तर एवढंच, एका टोकाचा टर्मिनेटर जागेवर नाही. तरी लोक आधी सॉफ्टवेअर रीफ्लॅश करायला निघतात.