प्रत्येक गटात जिंकणारा उपचार एकूण आकड्यांत हरतो तेव्हा: या चुका टाळा

मुतखड्यावरच्या वेगवेगळ्या उपचारांची तुलना करणारा एक अभ्यास १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोन उपचार इथे पाहू. एक म्हणजे ओपन सर्जरी. दुसरा पीसीएनएल, म्हणजे पाठीकडून छोटंसं छिद्र पाडून नळीवाटे खडा काढणं. दोन्हीकडे ३५० रुग्ण होते. तीन महिन्यांनी खडा पूर्ण गेला असेल किंवा उरलेले कण २ मिलिमीटरपेक्षा लहान असतील, तर उपचार यशस्वी धरला होता. ओपन सर्जरीत २७३ जण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. पीसीएनएलमध्ये २८९, म्हणजे ८३ टक्के. पीसीएनएल सरस, असं कुणीही म्हणेल.

आता तेच रुग्ण खड्याच्या आकाराप्रमाणे वेगळे करून पाहा. २ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचा खडा लहान, बाकीचे मोठे.

| | ओपन सर्जरी | पीसीएनएल |
|---|---|---|
| लहान खडे | ८७ पैकी ८१ (९३%) | २७० पैकी २३४ (८७%) |
| मोठे खडे | २६३ पैकी १९२ (७३%) | ८० पैकी ५५ (६९%) |
| एकूण | ३५० पैकी २७३ (७८%) | ३५० पैकी २८९ (८३%) |

लहान खड्यांत ओपन सर्जरी पुढे, मोठ्या खड्यांतही पुढे, आणि एकूण मात्र मागे. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांचा याविषयीचा लेख १९५१ चा, पण त्याआधी १९०३ मध्ये उडनी यूल यांनी हीच गोष्ट दाखवली होती.

पहिली चूक: बेरीज चुकली असं समजणं

हे कोष्टक प्रथम पाहिलं तेव्हा मी कागद घेऊन सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. त्या बरोबरच निघतात. चुकते ती आपली अपेक्षा. ‘दोन्ही गटांत पुढे असेल तर एकूणही पुढेच असणार’ हे वाक्य इतकं उघड वाटतं की ते तपासावं असं मनातही येत नाही.

एकूण यशाचं प्रमाण ही गटांतल्या प्रमाणांची भारित सरासरी असते. सशर्त संभाव्यतेच्या भाषेत ते असं लिहितात:

```
P(यश | ओपन) = P(यश | ओपन, लहान) × P(लहान | ओपन)
            + P(यश | ओपन, मोठा) × P(मोठा | ओपन)
```

उभ्या रेघेच्या उजवीकडे जे आहे ती अट. P(यश | ओपन, लहान) म्हणजे ज्यांची ओपन सर्जरी झाली आणि ज्यांचा खडा लहान होता, त्यांच्यातलं यशाचं प्रमाण. आपलं सगळं लक्ष या पहिल्या घटकाकडे जातं. उलटापालट घडते ती त्याच्या शेजारच्या P(लहान | ओपन) मध्ये. तो त्या गटाचा भार.

ओपन सर्जरीच्या ३५० जणांत लहान खड्याचे ८७ होते, म्हणजे २५ टक्के. पीसीएनएलच्या ३५० जणांत २७०, म्हणजे ७७ टक्के.

```
ओपन:     ०.९३ × ०.२५ + ०.७३ × ०.७५ = ०.७८
पीसीएनएल: ०.८७ × ०.७७ + ०.६९ × ०.२३ = ०.८३
```

ओपन सर्जरीच्या सरासरीत तीन चतुर्थांश वजन अवघड रुग्णांचं आहे, पीसीएनएलच्या सरासरीत तेवढंच वजन सोप्या रुग्णांचं. मोठा खडा कोणत्याही उपचाराने काढायला कठीणच. त्यामुळे ७८ आणि ८३ यांच्या तुलनेत उपचारांतला फरक कमी आणि रुग्णांतला फरक जास्त मोजला जातो.

यातूनच तपासणीची एक सोपी रीत मिळते. ओपन सर्जरीचं एकूण प्रमाण ७३ ते ९३ च्या दरम्यानच पडणार, पीसीएनएलचं ६९ ते ८७ च्या दरम्यान. हे दोन पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून उलटापालट शक्य आहे. ओपन सर्जरीचं सर्वांत कमी प्रमाण पीसीएनएलच्या सर्वांत जास्त प्रमाणाहूनही वर असतं, तर भार कसेही असोत, निकाल फिरला नसता. आणि दोन्ही उपचारांत लहान-मोठ्यांचं प्रमाण सारखं असतं, तरीही फिरला नसता. म्हणून यशाची टक्केवारी पाहण्याआधी दोन्हीकडचे भार शेजारी ठेवून पाहावेत. २५ आणि ७७ एवढी तफावत दिसली, की एकूण टक्केवारीवरून उपचारांची तुलना तिथेच थांबवावी.

दुसरी चूक: ‘ज्यांना दिला’ आणि ‘दिला तर’ यांत गल्लत

माझ्या मते ही मूळ चूक, बाकीच्या बहुतेक हिच्यातूनच निघतात. P(यश | ओपन) = ०.७८ हे विधान ज्यांची ओपन सर्जरी प्रत्यक्षात झाली त्या लोकांबद्दल आहे. रुग्णाचा प्रश्न मात्र वेगळा असतो: ‘माझी ओपन सर्जरी केली तर काय होईल?’ अट घालणं म्हणजे आधीच घडलेल्यांतून काहींना वेगळं काढणं. उपचार देणं म्हणजे काहीतरी नव्याने घडवणं. कुणाला कोणता उपचार मिळाला हे खड्याच्या आकाराशी जोडलेलं असेल, तर ‘ओपन’ ही अट घालताच ‘मोठा खडा’ ही माहितीही तिच्याबरोबर गुपचूप आत येते.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन्ही उपचारांना एकच भार द्यावा लागतो. सगळ्या ७०० रुग्णांत लहान खड्याचे ३५७ होते, म्हणजे ५१ टक्के, आणि मोठ्याचे ३४३, म्हणजे ४९ टक्के. P(लहान | ओपन) च्या जागी सरळ P(लहान) ठेवा:

```
सगळ्यांना ओपन:     ०.९३ × ०.५१ + ०.७३ × ०.४९ = ०.८३
सगळ्यांना पीसीएनएल: ०.८७ × ०.५१ + ०.६९ × ०.४९ = ०.७८
```

आकडे जवळजवळ तेच, फक्त त्यांनी जागा बदलल्या. याला प्रमाणीकरण म्हणतात. यात एक गृहीतक आहे आणि ते उघड सांगायला हवं: खड्याचा आकार सारखा असलेले रुग्ण दोन्ही उपचारांत इतर बाबतींत तुलना करण्याजोगे होते. ते खरं नसेल, तर हा ०.८३ देखील फसवा.

इथे आणखी एक चोरवाट आहे. गटांच्या टक्केवारीची साधी सरासरी काढली तर (९३ + ७३) ÷ २ = ८३ आणि (८७ + ६९) ÷ २ = ७८, म्हणजे उत्तर तेच येतं. पण ते केवळ लहान आणि मोठे खडे जवळजवळ निम्मे-निम्मे होते म्हणून. ज्या ठिकाणी लहान खड्याचे रुग्ण दहा टक्केच असतील, तिथे ओपन सर्जरीचं प्रमाण ७५ आणि पीसीएनएलचं ७१ येईल. साधी सरासरी तिथेही ८३ आणि ७८ च सांगत राहील.

तिसरी चूक: ‘गट पाडून आलेलं उत्तरच खरं’ हा नियम करणं

विरोधाभास एकदा समजला, की माणूस दिसेल त्या गोष्टीचे गट पाडू लागतो. याने होणारं नुकसान मोठं आहे आणि ते सहज लक्षात येत नाही.

वरच्या कोष्टकातले आकडे तसेच ठेवा, फक्त नावं बदला. समजा दोन औषधं आहेत, अ आणि ब, आणि कुणाला कोणतं द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ‘लहान खडा’ च्या जागी ‘औषधानंतर रक्तदाब कमी’ लिहा आणि ‘मोठा खडा’ च्या जागी ‘औषधानंतर रक्तदाब जास्त’. ओपन सर्जरीच्या जागी अ, पीसीएनएलच्या जागी ब. आता ब ने ३५० पैकी २७० जणांचा रक्तदाब खाली आणला, अ ने फक्त ८७ जणांचा. ब चा फायदा होतो तोच मुळी लोकांना रक्तदाब कमी असलेल्या गटात नेऊन. रक्तदाबाप्रमाणे गट पाडले की नेमका तो फायदा पुसला जातो, आणि अ दोन्ही गटांत पुढे दिसतं. इथे एकूण आकडाच बरोबर: ब ८३, अ ७८.

म्हणजे एकच कोष्टक, एकदा गटांचं ऐकायचं आणि एकदा एकूणाचं. कोणतं ऐकायचं हे कोष्टकात कुठेही लिहिलेलं नसतं. त्यासाठी विचारायचं, की ज्या गोष्टीवरून गट पाडले ती उपचाराच्या आधी ठरलेली होती, की उपचाराने तिच्यावर परिणाम केला? खड्याचा आकार आधीचा, आणि त्याचा उपचाराच्या निवडीशीही संबंध होता आणि यशाशीही. म्हणून त्याचे गट पाडणं योग्य. औषधानंतरचा रक्तदाब नंतरचा, म्हणून त्याचे गट पाडायचे नाहीत. विश्लेषणाच्या फाइलीत प्रत्येक रकान्यापुढे तो कधी मोजला हे लिहून ठेवावं. ही नोंद नसेल, तर या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यांतून मिळत नाही.

चौथी चूक: एक कारण सापडलं की शोध थांबवणं

मुतखड्याच्या या उदाहरणात बहुतेक ठिकाणी गोष्ट ‘ओपन सर्जरीच खरी सरस’ इथे संपवतात. मला ते पटत नाही. ओपन सर्जरीचे रुग्ण १९७२ ते १९८० मधले होते आणि पीसीएनएलचे १९८० ते १९८५ मधले. म्हणजे आकाराबरोबर काळही वेगळा. मधल्या वर्षांत निदान, भूल, शस्त्रक्रियेनंतरची काळजी यांत जे काही बदललं असेल, त्याचा परिणाम आकाराचे गट पाडून जात नाही. शिवाय काळाचे गट पाडायचे म्हटलं तरी पाडता येत नाहीत, कारण एका काळात जवळजवळ एकच उपचार आहे आणि तुलनेला समोर कुणी नाही.

शिवाय आकडे लहान आहेत. मोठ्या खड्यांत पीसीएनएलचे फक्त ८० रुग्ण. प्रमाणीकरणानंतर ओपन सर्जरी सुमारे ५ टक्के अंकांनी पुढे दिसते, पण त्या फरकाचा ९५ टक्के विश्वासांतर मी हिशेब करून पाहिला, तर तो साधारण उणे १ ते अधिक १२ असा येतो. शून्य त्याच्या आत आहे, म्हणजे खरा फरक मुळीच नसणंही या आकड्यांशी जुळतं. सुरुवातीचा ७८ विरुद्ध ८३ हा फरकही तितकाच डळमळीत, त्याच्याही विश्वासांतरात शून्य येतं. तेव्हा या आकड्यांवरून एवढंच ठामपणे म्हणता येतं, की पीसीएनएलची एकूण आकड्यांतली आघाडी खड्यांच्या आकारातल्या तफावतीतून आली असू शकते. दोघांपैकी सरस कोण हे ठरवायला, एकाच काळातले रुग्ण घेऊन, आकाराच्या प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून उपचार वाटलेला अभ्यास लागेल.